दुकानदाराला लिहायचं पहिलं पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बिलिंग सॉफ्टवेअर विकण्यासाठी किराणा दुकानदारांना पाठवायचा तुझा ईमेल वाचला. विषयातच ‘शेवटचे २ दिवस! जीएसटीचा दंड टाळा’ आहे, ते आधी काढ. आपल्यासारखे बरेच छोटे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. ते टॅक्स इनव्हॉइस नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ देतात आणि उलाढालीवरचा १ टक्का कर दर तीन महिन्यांनी भरतात. अशा माणसाला कर-बिलाच्या दंडाची भीती घातलीस, की हिला आपल्या धंद्यातलं काही ठाऊक नाही हे त्याला लगेच कळतं. आणि सवलत दोन दिवसांत खरोखर संपणार नसेल, तर ते सरळ खोटं आहे.

दुसरं, जीएसटीच्या नोंदणीत पुष्कळदा कर सल्लागाराचाच ईमेल दिलेला असतो. पत्र आधी तोच वाचेल. त्याला ते जसंच्या तसं दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवता यावं, इतकं छोटं ठेव. नऊ सोयींची यादी नको, उधारीची एकच गोष्ट धर. मी असं लिहिलं असतं:

‘विषय: उधारीच्या हिशोबासाठी सॉफ्टवेअरची माहिती

नमस्कार. मी मुक्ता, बिलिंग सॉफ्टवेअर विकते. तुमचा पत्ता व्यापारी संघाच्या यादीतून मिळाला. उधारी वहीत लिहीत असाल, तर महिनाअखेरची बेरीज आणि गिऱ्हाइकाला बाकीचा मेसेज ही दोन कामं आमचं सॉफ्टवेअर करतं. सुट्या डाळ-तांदळाला बारकोड नसतो, म्हणून त्यांची नावं आणि भाव सुरुवातीला हातानेच भरावे लागतात. वर्षाचे ४,८०० रुपये. उधारीची गिऱ्हाइकं दहा-पंधराच असतील, तर वही पुरेशी आहे. पाहायचं असल्यास सोयीची वेळ कळवा. नको असल्यास ‘नको’ एवढंच लिहा, पुन्हा त्रास देणार नाही.’

किंमत मी अंदाजाने घातली आहे आणि यादीचंही तसंच, तिथे खरं असेल तेच लिही. ‘वही पुरेशी आहे’ हे वाक्य तुझे साहेब खोडायला सांगतील. तू अडून बस. त्या वाक्यामुळेच बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो, आणि ज्याला उपयोग नाही त्याच्या मागे तुझे दिवस जात नाहीत.

‘उद्या सकाळी ११ ला फोन करते’ हेही नको. सकाळी दूध-पाव घेणाऱ्यांची गर्दी, मग माल उतरवणं, आणि संध्याकाळी तर श्वास घ्यायला फुरसत नसते. दुपारी दोन ते चार बरं, पण विचारूनच.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच लिही, आणि सोबत नवं काहीतरी दे. महिनाअखेरचं उधारीचं पान छापल्यावर कसं दिसतं त्याचा फोटो चालेल, नावं मात्र खोटी घाल. ‘नको’ आलं, तर त्याच दिवशी यादीतून नाव काढ.

तुझे,
बाबा