विषय: खात्याचा प्रदेश वेगळा असल्यामुळे नवीन स्मार्ट कॅमेरा जोडला जात नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

आपल्या अधिकृत ऑनलाइन दुकानातून घेतलेला स्मार्ट कॅमेरा माझ्या खात्याला जोडला जात नाही. जोडणी अर्ध्यावर थांबते आणि ॲप ‘वायफायचा पासवर्ड तपासा’ असे सांगते. पासवर्ड बरोबर आहे. राउटरच्या यादीत कॅमेरा दिसतो, त्याला आयपी पत्ताही मिळालेला असतो. म्हणजे वायफायपर्यंतचे काम नीट होते. अडते ते त्यापुढे, कॅमेरा आपल्या सर्व्हरवर स्वतःची नोंद करायला जातो तिथे.

आपल्या मदत केंद्राने मला कॅमेरा रीसेट करायला, राउटरजवळ न्यायला आणि २.४ गिगाहर्ट्झचा बँड वापरायला सांगितले. हे सर्व करून झाले. शेवटी मी दुसऱ्या ईमेलवर नवीन खाते उघडले आणि त्यात सध्या राहतो तो देश निवडला. तोच कॅमेरा, तोच फोन, तेच वायफाय, आणि जोडणी लगेच झाली! माझे जुने खाते मी परदेशात नोकरीला असताना उघडलेले आहे. ते तिकडच्या सर्व्हरवर आहे आणि कॅमेरा इकडच्या बाजारासाठी बनवलेला आहे, म्हणून तो सर्व्हर त्याला स्वीकारत नाही. फोनमधला देश आणि भाषा बदलूनही काही उपयोग झाला नाही, कारण प्रदेश खाते उघडतानाच ठरतो आणि ॲपमध्ये तो नंतर बदलण्याची सोयच नाही.

यावर आपल्या प्रतिनिधीने सुचवलेला उपाय म्हणजे जुने खाते बंद करून सगळी उपकरणे नवीन खात्यात घ्या. पण माझे दिवे आणि प्लग त्या दुसऱ्या देशात विकत घेतलेले आहेत. नवीन खात्यात तेही याच कारणाने अडणार, शिवाय त्यांची सगळी वेळापत्रके पुसली जाणार. आगीतून फुफाट्यात जाण्याचाच हा सल्ला. नवीन खात्यातला कॅमेरा जुन्या खात्याला शेअर करून पाहिला, तर ‘असे खाते सापडत नाही’ असे उत्तर आले. सध्या मी दोन खात्यांत आत-बाहेर करतो. कॅमेऱ्याने हालचाल टिपली की दिवा लागावा एवढ्याचसाठी तो घेतला होता, आणि दोन वेगळ्या खात्यांत नेमके तेच होत नाही.

प्रदेशांचे बंधन का आहे, हा आपला प्रश्न. पण ते खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर कुठेही लिहिलेले नाही. ॲपला खाते कुठल्या प्रदेशाचे हे माहीत असते, तरी ते खरे कारण न सांगता पासवर्डवर खापर फोडते. ही मला सरळ दिशाभूल वाटते.

माझे जुने खाते उपकरणे आणि वेळापत्रकांसह अशा प्रकारे हलवून द्यावे की दोन्हीकडची उपकरणे त्यात चालतील. ते शक्य नसेल तर कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. रीसेट करा, एवढेच सांगणारे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, राउटरच्या यादीचा आणि ॲपमधल्या संदेशाचा स्क्रीनशॉट