रविवारच्या फोनबद्दल

सोन्या,

फोनवर भांडायचं नव्हतं मला. तू "आई तू कशाचं काय करतेस" म्हणून फोन ठेवलास आणि मी अर्धा तास तिथेच बसून राहिले, बाबा म्हणाले मेसेज कर, पण मेसेजमध्ये तू अंगठा दाखवून मोकळा होतोस म्हणून हे लांबलचक लिहितेय.

तू जे सहज बोलून गेलास तेच डोक्यात फिरतंय. रविवारी अंघोळीनंतर डोकं ठणकतं, मळमळतं आणि झापड येते, दुपारपर्यंत उठवत नाही. तू म्हणालास आठवड्याचा थकवा. मग मी विचारलं ऑफिसच्या दिवशी होतं का, तर नाही, तेव्हा पाच मिनिटांत उरकतोस. रविवारी अर्धा तास, खिडकी बंद, दाराला कडी आणि गॅस गिझर आतच, डोक्याच्या वर. आणि तुझ्यानंतर लगेच जाणाऱ्या रूममेटला तुझ्यापेक्षा जास्त गरगरतं. अरे, थकवा असता तर तो अंघोळीचा नंबर बघून आला असता का?

तू म्हणालास लीक असतं तर वास आला असता, आणि साबणाचा फेस लावून पाहिलाय. शाबास, खरंच, मला बरं वाटलं की तू पाहिलंस. पण हे लीक नाहीच. सिलेंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो आणि तो गॅस जळला की वासही जातो. गिझर जळताना बाथरूममधलाच ऑक्सिजन खातो, बंद खोलीत तो कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, डोळेही चुरचुरत नाहीत. तुझ्या अर्ध्या तासात जे साठतं त्यातच दुसरा आत शिरतो, म्हणून त्याला जास्त.

नंदूमामाचं तुला अर्धवटच माहितेय. तो पडला तेव्हा सगळे म्हणाले बीपी. नंतर त्याने मला सांगितलं, ताई मला कळत होतं की बाहेर जायला हवं, हात कडीपर्यंत गेला पण बोटांत जोरच नव्हता. आजीने दार ठोठावलं म्हणून... तू तेव्हा चार वर्षांचा होतास, मामाच्या पायाशी बसून त्याच्या चपला उलट्यासुलट्या लावत होतास. असो.

तुझ्याकडे ते बोटाला लावायचं मशीन आहे आणि त्यात ऑक्सिजन 98 आला म्हणून तू निश्चिंत आहेस. इथेच फसायला होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट पकडतं आणि त्या मशीनला दोघांतला फरकच कळत नाही, दोन्ही त्याला सारखेच लाल दिसतात. खरं कळतं ते रक्ततपासणीत, कार्बोक्सिहिमोग्लोबिन नावाच्या, आणि तीही लवकर केली तर. साध्या हवेत तो चार-पाच तासांत निम्मा होतो, म्हणून सोमवारी डॉक्टरकडे गेलास तर सगळं नॉर्मल येईल आणि तू मलाच वेड्यात काढशील. बाहेर मोकळ्या हवेत डोकं उतरतं का हेही बघ, पण बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नकोस.

लेक्चर झालं ना? सॉरी. तू स्वतःचं घर चालवतोस, मला कौतुक आहे त्याचं, शेजाऱ्यांना सांगतेही. पण गिझर बाहेर बसवून घे, मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. घरमालक कुरकुरला तर बाबांशी बोलायला लाव. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणालास, पण खिडकी-दार बंद असेल तर आत यायला हवाच नाही, नुसता फॅन किती आणि काय ओढणार? बर्नरची ज्योत पिवळी दिसली किंवा वर काजळी धरलेली दिसली तर तो लावूच नकोस. निळी असली तरी बंद बाथरूममध्ये विश्वास ठेवू नकोस, हवा संपत आली की ती बिघडते आणि तेव्हा तू डोळ्यांना साबण लावून उभा असतोस.

तोपर्यंत दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भर, गिझर बंद कर, जरा वेळ हवा खेळू दे आणि मग आत जा. कडी लावू नकोस. हो, पुन्हा कडी. आणि गरगरलं तर आधी बाहेर पड, बाकी सगळं नंतर, लगेच हॉस्पिटल गाठ आणि तिथे "गॅस गिझर" हे शब्द तू स्वतः सांग, ते आपणहून विचारतीलच असं नाही. रूममेटलाही सांग, त्याची आई माझ्यासारखी फोन करत नसेल.

शनिवारी रात्री फोन करते, रविवारी सकाळी नाही, म्हणजे चिडणार नाहीस. तेवढा बर्नरचा फोटो पाठव.

आई

(बाबा म्हणतायत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो आणून बाथरूमच्या बाहेर लाव, आत वाफेने बिघडेल.)