बार्शीला वेळेत पोचवणाऱ्या सगळ्यांचे आभार

काल सकाळी फोन आला, मामा गेले, चारपर्यंत नेणार. मी स्वारगेटला बार्शी एसटीसाठी थांबलेलो, तर शेजारचे एक काका म्हणाले हिची वाट बघू नका, पुणे स्टेशनवरून सोलापूरकडची पहिली गाडी पकडा नि कुर्डुवाडीला उतरा, फक्त तिथे थांबते का ते आधी विचारा, सगळ्या थांबत नाहीत. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत एका ताईंनी मला पुढे घेतलं, जनरल डब्यात पोरांनी सरकून जागा दिली. कुर्डुवाडीत रिक्षावाल्या दादांनी स्टँडवरून निघालेली बार्शी गाडी हात करून थांबवली (पैसेही घेईनात!), आणि कंडक्टरसाहेबांनी स्टँडच्या अलीकडेच घराजवळ उतरवलं. मामांना खांदा देता आला. नावं कुणाचीच विचारली नाहीत, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.