अर्जातला दिनांक चुकला की रजा जाते

मा. संपादक,
स. न.

परवाच्या अंकातील पितृत्व रजेवरील लेख आणि त्याखाली चौकटीत छापलेला अर्जाचा नमुना वाचून एक दिवस स्वस्थ बसलो. परंतु तो नमुना जसाच्या तसा उतरवून एखाद्या दत्तक पालकाने दिला तर त्याची रजा हमखास नामंजूर होईल, म्हणून हे लिहिणे भाग पडले. नमुन्यात कारण म्हणून ‘कौटुंबिक कारणास्तव’ असे लिहिले आहे आणि दत्तकाबाबत ‘दत्तक आदेशाचा दिनांक लिहावा’ एवढीच सूचना आहे. याच दोन गोष्टींपायी माझे नुकसान झालेले आहे.

मी परभणीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. आमची मुलगी ३ ऑगस्टची. पुढच्या वर्षी १४ जूनला संस्थेने ती आमच्या स्वाधीन केली, तेव्हा ती दहा महिन्यांची होती. छत्रपती संभाजीनगरहून परभणीपर्यंत एसटीत ती माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरून बसली होती, आणि पुढचे कित्येक दिवस पाठीवर हात असल्याशिवाय ती झोपत नसे. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन गेलो, तर आस्थापनेवरचे गृहस्थ म्हणाले, “बाळंतपण नाही तं ही रजा कशाची?” अर्जावर लाल शाईने ‘दत्तक आदेश जोडावा’ असा शेरा मारून त्यांनी तो परत केला.

आता आदेशाचे असे आहे की मूल आधी घरी येते आणि आदेश मागाहून येतो. मधल्या काळाला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. पूर्वी आदेश न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आमचा आदेश ९ ऑक्टोबरला मिळाला. मी नव्याने अर्ज केला आणि त्यात आपल्या नमुन्याप्रमाणेच आदेशाचा दिनांक लिहिला. या रजेसाठी मूल एक वर्षाच्या आतील असावे लागते आणि ९ ऑक्टोबरला मुलगी चौदा महिन्यांची झाली होती. अर्ज नामंजूर झाला. जूनमध्ये घेतलेले पंधरा दिवस माझ्या अर्जित रजेतून वजा झाले ते झालेच.

वास्तविक केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ४३-एए प्रमाणे, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल दत्तकपूर्व संगोपनात स्वीकारल्यापासूनच सहा महिन्यांच्या आत १५ दिवसांची रजा मिळू शकते. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. आदेशाआधी रजा दिली आणि पुढे दत्तक झालेच नाही तर काय, ही कार्यालयाची शंकाही नियमाने मिटवली आहे: तसे झाल्यास ते दिवस इतर रजेतून वळते होतात. तेव्हा आदेशासाठी अर्ज अडवून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. पत्नीच्या बाळंतपणासाठीची रजा नियम ४३-ए मध्ये आहे; ती प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. अर्जात नियमाचा क्रमांकच नसला की कार्यालय दत्तक पालकालाही प्रसूतीचा दाखला मागते.

माझा पहिला अर्ज पुढीलप्रमाणे असायला हवा होता: ‘मी व माझ्या पत्नीने दि. १४ जून रोजी एका मुलीस दत्तकपूर्व संगोपनासाठी स्वीकारले आहे. तिची जन्मतारीख ३ ऑगस्ट असून स्वीकारण्याच्या दिवशी तिचे वय एक वर्षापेक्षा कमी होते. मला अन्य हयात अपत्य नाही. तरी नियम ४३-एए अन्वये दि. १६ जून ते ३० जून अशी १५ दिवसांची पितृत्व रजा मंजूर करावी. संस्थेने मूल स्वाधीन केल्याचे पत्र सोबत जोडले आहे. दत्तक आदेश प्राप्त होताच त्याची प्रत सादर करीन.’ यात ‘कौटुंबिक कारण’ हे शब्द कोठेही येऊ नयेत, कारण ते वाचले की कार्यालय सरळ अर्जित रजा धरते. अर्ज परत केलाच, तर शेरा लेखी घ्यावा आणि आवक क्रमांक टिपून ठेवावा. मी तो क्रमांक टिपला नव्हता, म्हणून पहिला अर्ज जूनमध्येच दिला होता हे मला नंतर सिद्ध करता आले नाही.

आपल्या लेखात ‘प्रत्येक पित्याचा कायदेशीर हक्क’ असे म्हटले आहे, तेही दुरुस्त करावे. हे नियम केंद्रीय कर्मचाऱ्यांचे आहेत. खासगी कंपनीतील पित्याला अशी रजा देणारा कायदा नाही. तेथे कंपनीचे लेखी धोरणच पाहावे लागते, आणि त्यात दत्तकाचा स्पष्ट उल्लेख आहे की केवळ प्रसूतीचा, हे अर्जापूर्वी वाचून घ्यावे.

आणखी एक. लेखात दोनदा ‘खरे आई-वडील’ असा शब्दप्रयोग जन्मदात्यांसाठी आला आहे. आमच्या मुलीला आता वाचता येऊ लागले आहे. कृपया ‘जन्मदाते’ असे लिहावे, आणि सुधारित नमुना त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी