तुझ्या राधाला आधी बसमधून उतरू दे

अंबाजोगाई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मिळालं. रात्री जेवणं झाल्यावर वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर अडले. राधा पाटोद्याकडच्या खेड्यातून निघते, बस शहागडला गोदावरी ओलांडते, पाचोड, आडूळ मागं पडतं, इथपर्यंत मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. मग ती औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरते आणि तू लिहितेस, 'बावन्न दरवाजांचं ऐतिहासिक शहर तिच्यासमोर उभं ठाकलं.' अगं, त्या स्टँडवरून एक तरी दरवाजा दिसतो का? पुढं १६१० साली मलिक अंबरनं खडकी वसवली, १६१२ चा भडकल दरवाजा, मग औरंगजेब, मग निजाम. राधा गेली कुठं? पिशवी सांभाळत फलाटावर उभी असेल बिचारी.

चार तासांचा प्रवास करून आलेली पोरगी आधी बायकांचं स्वच्छतागृह शोधेल. मग मामेबहिणीनं सांगितलेली रिक्षा. शहर तिला दिसेल ते या कामांच्या वाटेवर, आणि तेवढंच. नवखं माणूस कथेत आणायचा फायदाच हा की वाचकालाही तेवढंच दिसतं. राधाला माहीत नसलेलं तू निवेदनात सांगून टाकलंस की तिला नवखं ठेवून उपयोग काय?

बहीण फोनवर म्हणते, 'बाबा पंपावर उतर, मिल कॉर्नरला येऊ नको.' राधाला दोन्ही कळत नाही. ती मिलचं धुराडं शोधेल, आणि मिल तर कधीचीच बंद पडली. हे तू समजावू नकोस. तिला चुकू दे. आणखी एक, तुझी कथा कोणत्या साली घडते ते ठरव. २०२३ नंतरची असेल तर बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर असेल, शेजारची म्हातारी औरंगाबाद म्हणेल, रिक्षावाला दोन्ही म्हणेल गिऱ्हाईक बघून. राधानं नुसतं ऐकायचं. कोण कुठलं नाव घेतो यावरून शहरातली माणसं वाचकाला आपोआप कळायला लागतात.

तू राधाला सारखे प्रश्न विचारायला लावलेस, 'हे काय आहे हो? ते कोणी बांधलं?' खेड्यातली पोरगी असं विचारत नाही. आपल्याला कळत नाही हे कुणाला कळू नये म्हणून ती गप्प राहते, पुढचा काय करतो ते बघते आणि तसंच करते. सिटी बसमध्ये पैसे आधी द्यायचे की नंतर, हेसुद्धा ती पुढच्या बाईचा हात बघून शिकेल.

आता पाण्याचं. तुझ्या हातात सोन्यासारखी गोष्ट आहे आणि तू ती एका वाक्यात संपवलीस, 'शहरात पाणीटंचाई होती.' राधा कुठली आहे ते आठव. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, टँकरमागं घागर घेऊन धावलेली. पुण्याची मुलगी आली असती तर नळाला रोज पाणी नाही म्हणून हबकली असती. राधा त्यानं हबकणार नाही. मग ती कशानं हबकेल, तिथून सुरू कर.

सिडकोतल्या गच्चीवरच्या खोलीत ती पहिल्या संध्याकाळी नळ सोडते. कोरडा. घरमालकीण खालून ओरडते, 'आज आपला दिवस न्हाई!' राधाला वाटतं, इथंही विहिरी आटल्या, दुष्काळ पडला. चुकीचा का होईना, तिचा पहिला अंदाज तिच्या गावातून आलेला असावा. सकाळी समोरचा माणूस पाइप लावून गाडी धूत असतो, आणि अंदाज मोडतो. दुपारी कुणीतरी फोन करतं अन् टँकर दारात उभा राहतो. रांग नाही, भांडण नाही, घागरी नाहीत. टँकर असाही येतो, हे तिला माहीत नव्हतं. इथं ती हबकेल.

मग काही दिवसांनी मध्यरात्री नळाला पाणी येतं, पाणी ओढणाऱ्या मोटारींची घरघर. सगळी गल्ली जागी, गाऊनवरच बाया बाहेर, ड्रम, बादल्या, पाइप. एरवी बंद दारांमागं असलेली माणसं तिला या एकाच रात्री भेटतात, म्हणून पुढची पात्रं इथूनच आण. आणि तेव्हाच मालकीण बोलून जाते, 'जायकवाडी भरलंय म्हणं काठोकाठ. आमच्या नळाला कोण सांगायचं ते?' धरण भरलेलं असूनही नळ कोरडा, कारण पाणी पैठणहून आणणाऱ्या जुन्या पाइपांचा दम संपलाय, हे राधाला हळूहळू उमगेल. तीन-चार प्रसंग गेले तरी चालतील. दुष्काळ, मग पैसा, मग पाइप, अशी एकेक समज उलगडू दे.

इतिहास आणूच नको असं मी म्हणत नाही. तो तिच्या वाटेत आडवा येऊ दे. विद्यापीठात पहिल्या दिवशी जाताना महमूद दरवाजाच्या कमानीत रिक्षा अडकते, समोरून दुसरी आलेली, कुणीच मागं घ्यायला तयार नाही. फॉर्म भरायची वेळ टळत चाललेली. रिक्षावाला म्हणतो, 'चारशे सालसे खडा है, आपुन क्या करना?' त्याचा आकडा थोडाफार चुकला तरी तो रिक्षावाल्याचा आकडा आहे, तू दुरुस्त करू नकोस. शेजारीच पाणचक्की. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी हौदात पडताना तिला दिसलं तर घरी ड्रम भरून ठेवणारी पोरगी तिथं थबकणारच. तेव्हा नहरीबद्दल दोन ओळी सांग, त्या पचतील. फक्त तू पाणचक्कीची नहर आणि मलिक अंबरची नहर एकच करून टाकलीस. त्या वेगळ्या आहेत, ते नीट कर.

दुरुस्त करताना एवढंच कर. वाक्यातून राधाचं नाव झाक. ते वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकात खपत असेल तर खोड. 'बावन्न दरवाजांचं शहर' तिथं खपतं. 'आज आपला दिवस न्हाई' खपत नाही.

एक अडचण पुढं येईल, आत्ताच सांगते. नवखेपण टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत राधा स्वतःच रिक्षावाल्याला 'बाबा पंप' म्हणेल आणि मोटारीच्या आवाजानं जागी होणार नाही. तरी तू पाचव्या प्रकरणात तिला सिटी चौकाकडं 'आश्चर्यानं' बघायला लावशील तर वाचक चिडेल. त्यापुढचं शहर तिला सवयीनं दिसू दे, आणि नवे डोळे हवेच असतील तर तिच्या बापाला घाटी दवाखान्यात तपासायला आण. आपल्याकडचं अर्धं दुखणं घाटीतच जातं. तो मिलचं धुराडं शोधेल आणि राधा वैतागून म्हणेल, 'दादा, मिल न्हाई तिथं.' ती शहराची झाली हे तू वेगळं लिहायची गरज उरणार नाही. पण बापाला इतक्यात आणू नकोस, पहिली दोन प्रकरणं राधाचीच राहू दे.

पहिलं प्रकरण पुन्हा लिहून पाठव, टाइप केलेलं असलं तर अक्षर जरा मोठं ठेव. आणि घरमालकिणीकडं बोअर आहे की नाही ते ठरव. बोअर असेल तर मध्यरात्रीचा सगळा प्रसंगच बसणार नाही.

तुझी,
आई