फेब्रुवारी संपल्यावर तरी आमची तारीख आम्हाला परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या सदरात, मासिक वर्गणीची तारीख मागे सरकल्याची तक्रार करणाऱ्या वाचकाला ‘महिने लहानमोठे असतात, त्यामुळे असे होणारच’ एवढेच सांगून वाटेला लावले आहे. हे उत्तर वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण अगदी याच शब्दांत मला दोन वेळा परत पाठवण्यात आले होते आणि दोन्ही वेळा ते उत्तर चुकीचे होते. महिने लहानमोठे असतात हे खरे आहे. पण तारीख सरकते ती त्यामुळे नव्हे, तर पुढची तारीख कोणत्या तारखेपासून मोजली जाते त्यामुळे.

माझी हकीकत अशी. 31 जानेवारी 2023 रोजी मी एका ऑनलाइन ग्रंथसंग्रहाची मासिक वर्गणी सुरू केली. तो दिवस मी विचार करूनच निवडला होता, कारण माझे निवृत्तिवेतन महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात जमा होते आणि वर्गणीची रक्कम त्याच दिवशी आपोआप वळती व्हावी अशी माझी इच्छा होती. फेब्रुवारीत 31 तारीख नसल्याने पैसे 28 तारखेला गेले. याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. महिन्याचा शेवटचा दिवस तोच होता आणि निवृत्तिवेतनही जमा झाले होते. मार्चमध्ये मात्र मी 31 तारखेची वाट पाहत असताना पैशांची मागणी 28 तारखेलाच आली. खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती, म्हणून व्यवहार फसला. पुढचे दोन दिवस पुन्हा प्रयत्न झाले, तेही फसले, आणि 30 तारखेच्या संध्याकाळी माझे वाचनखाते बंद करण्यात आले.

31 मार्चला मी स्वतः पैसे भरले आणि खाते पुन्हा सुरू झाले. आता तारीख पुन्हा 31 झाली अशा समजुतीत मी निश्चिंत झालो. एप्रिलमध्ये पैसे 30 तारखेला गेले, ते योग्यच होते. पण मे महिन्यात मागणी 31 ऐवजी 30 तारखेलाच आली आणि निवृत्तिवेतन जमा व्हायच्या आदल्या दिवशी व्यवहार पुन्हा फसला. ग्राहक सेवेतील गृहस्थ सौजन्याने बोलले, पण मार्चमध्ये त्यांनी फेब्रुवारीकडे बोट दाखवले आणि मेमध्ये एप्रिलकडे. फेब्रुवारी संपल्यावर मार्चमध्ये 31 तारीख होती, एप्रिल संपल्यावर मेमध्येही होती, मग ती मला का मिळाली नाही, या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

मी बरीच वर्षे हिशेबाच्या कामात घालवली आहेत, त्यामुळे शेवटी पावत्या समोर मांडून उत्तर स्वतःच शोधले. त्या सेवेच्या संगणकात माझी ‘मूळ तारीख’ कुठेच जपलेली नव्हती. तिथे फक्त ‘मागची तारीख’ होती आणि दर वेळी तिच्यात एक महिना मिळवला जात होता. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की 31 फेब्रुवारी अशी तारीखच नसल्याने संगणक त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतो. इथपर्यंत सारे ठीक आहे. पण पुढच्या वेळी तो 28 फेब्रुवारीत एक महिना मिळवतो, आणि त्याचे उत्तर 28 मार्च येते. आपण मुळात 31 तारखेचे ग्राहक होतो, ही गोष्ट त्या क्षणी कायमची पुसली जाते. 28 ही तारीख प्रत्येक महिन्यात असल्याने ती नंतर कधीच वर चढत नाही.

याउलट, दर वेळी मूळ तारखेपासून मोजले, म्हणजे 31 जानेवारीत आधी एक महिना, मग दोन महिने, मग तीन महिने असे मिळवत गेले, तर 28 फेब्रुवारी, 31 मार्च, 30 एप्रिल, 31 मे अशा तारखा येतात. लहान महिन्यात तारीख तेवढ्यापुरती मागे येते आणि पुढच्या महिन्यात आपल्या जागी परत जाते. एकेक महिना दोनदा मिळवणे आणि दोन महिने एकदम मिळवणे या तारखांच्या बाबतीत एकच गोष्ट नाही. अंकांच्या बेरजेची सवय असलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, आणि माझ्या मते गफलतीचे मूळ तिथेच आहे.

ज्या वाचकांकडे हिशेबाच्या तक्त्याचा प्रोग्राम आहे, त्यांना हा फरक पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहता येईल. A1 या चौकटीत 31 जानेवारी 2023 ही तारीख लिहावी, A2 मध्ये खालील पहिले सूत्र आणि B2 मध्ये दुसरे सूत्र घालावे, आणि दोन्ही सूत्रे खालच्या बारा ओळींपर्यंत ओढावीत. चौकटीत तारखेऐवजी नुसता आकडा दिसला, तर तिचे स्वरूप बदलून तारखेचे करावे.

```
=EDATE(A1,1)
=EDATE($A$1,ROW()-1)
```

पहिल्या स्तंभात फेब्रुवारीनंतर सगळीकडे 28 दिसेल. दुसऱ्या स्तंभात 31 तारीख जिथे आहे तिथे ती परत आलेली दिसेल. दोन्ही स्तंभांना महिने तेच मिळाले आहेत, तेव्हा दोष महिन्यांचा नाही हे वेगळे सांगायला नको.

आता यात ग्राहकाचे किती जाते ते पाहू. मूळ तारखेच्या पद्धतीत 31 जानेवारी ते 28 फेब्रुवारी या काळात मला 28 दिवसांची सेवा मिळते आणि 28 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात 31 दिवसांची, म्हणजे दोन वर्गण्यांत 59 दिवस. फेब्रुवारीत कमी पडलेले दिवस मार्च भरून देतो. मागच्या तारखेच्या पद्धतीत 28 आणि 28 असे 56 दिवसच मिळतात, कारण फेब्रुवारीचा आखूड काळ माझ्याकडून दोनदा वसूल होतो. वर्षभराच्या बारा वर्गण्या मोजल्या तर 365 ऐवजी 362 दिवस हाती येतात. हे नुकसान दर वर्षी होत नाही, एकदाच होते, हेही मी इथे स्पष्ट करतो. तारीख एकदा 28 वर आली की पुढचा हिशेब बरोबर चालतो. तीन दिवसांची किंमत फार नाही. पण ज्यांनी पगाराचा किंवा निवृत्तिवेतनाचा दिवस पाहून तारीख निवडली आहे, त्यांचे खरे नुकसान त्या तीन दिवसांत नसून फसलेल्या व्यवहारात आहे, आणि बँकेने त्याबद्दल दंड लावला तर तोही त्यांच्याच माथी येतो.

साध्या वर्षात 29 तारीख 11 महिन्यांत येते, 30 तारीख 11 महिन्यांत आणि 31 तारीख 7 महिन्यांत. म्हणजे 365 पैकी 29 दिवस असे आहेत की त्या दिवशी नाव नोंदवणारा माणूस या गफलतीत सापडतो. ही काही अपवादात्मक मंडळी नव्हेत. लीप वर्षात तर हा प्रकार लक्षात येणे अधिकच अवघड होते. 31 जानेवारी 2024 रोजी सुरू केलेली वर्गणी आधी 29 तारखेवर आली असेल, जवळजवळ वर्षभर तिथे राहिली असेल आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी एक दिवस घसरून 28 वर गेली असेल. इतक्या अंतराने झालेले दोन बदल कोणता ग्राहक एकमेकांशी जोडून पाहणार?

आपल्या बाबतीत काय घडते आहे हे ओळखायचे असेल, तर 29, 30 किंवा 31 तारखेला नाव नोंदवलेल्यांनी फक्त मार्चची पावती काढून पाहावी. तिच्यावर मूळ तारीख परत आली असेल तर मोजणी मूळ तारखेपासून आहे. तिच्याऐवजी 28, किंवा लीप वर्षात 29, दिसत असेल तर ती मागच्या तारखेपासून आहे. फेब्रुवारीची पावतीच नसेल आणि जानेवारीनंतर थेट 3 मार्चची पावती असेल, तर तिसराच प्रकार आहे: काही संगणकीय भाषांमधील तारखेची बेरीज 31 फेब्रुवारीला ‘28 नंतरचे तीन दिवस’ समजून पुढच्या महिन्यात ढकलते. आणि तारीख दर महिन्याला थोडी थोडी हलत असेल, तर तिथे महिना नव्हे, तीस दिवस मोजले जात आहेत. अशा मोजणीत 1 जानेवारी 2023 रोजी सुरुवात करणाऱ्याची तेरावी वर्गणी त्याच वर्षी 27 डिसेंबरला निघते. त्या योजनेला मासिक म्हणणेच गैर आहे, पण तो स्वतंत्र विषय झाला.

आणखी एक गोष्ट याच अनुषंगाने सांगणे भाग आहे. माझ्या वहिनींनी त्याच सेवेत 1 ऑगस्टला पहाटे तीनच्या सुमारास नाव नोंदवले. 1 तारीख प्रत्येक महिन्यात असते, त्यामुळे त्यांना हा त्रास व्हायला नको होता. पण पावतीवर 31 जुलै छापले गेले, कारण सेवेचा संगणक जागतिक प्रमाण वेळेनुसार तारीख लिहितो आणि त्या वेळी तिथे आदला दिवस संपायचा होता. ऑगस्टमध्ये त्यांचे पैसे 31 तारखेला गेले, सप्टेंबरमध्ये 30 तारखेला, आणि ऑक्टोबरपासून त्या 30 तारखेच्या ग्राहक होऊन बसल्या. ज्या तारखेला त्यांनी नाव नोंदवलेच नाही, तिच्यापासून ही घसरण सुरू झाली. ग्राहक जिथे राहतो तिथली तारीख नोंदवणे अशक्य नाही.

दुरुस्ती मोठी नाही. ग्राहकाच्या नोंदीत मूळ दिवस कायमचा लिहून ठेवावा, पुढची प्रत्येक तारीख त्यावरून काढावी, आणि तो दिवस त्या महिन्यात नसेल तेव्हाच शेवटचा दिवस घ्यावा. एखादा व्यवहार फसून ग्राहकाने नंतर पैसे भरले, तरी त्याला विचारल्याशिवाय मूळ दिवस बदलू नये. ज्यांना एवढेही नको असेल, त्यांनी नोंदणीच्या वेळीच 1 ते 28 यांपैकी एक दिवस निवडायला सांगावे आणि पहिल्या महिन्याची आकारणी दिवसांच्या प्रमाणात करावी. तेही मला मान्य आहे, कारण त्यात ग्राहकाला आधीच कळते.

आपल्या सदरातील उत्तराची दुरुस्ती त्याच जागी छापावी आणि त्या वाचकाला आपली मार्चची पावती तपासायला सांगावे, ही विनंती. त्यावर 28 ही तारीख असेल, तर त्याने पुढच्या बारा महिन्यांच्या आकारणीच्या तारखा सेवेकडून लेखी मागवून घ्याव्यात. मी त्या जूनमध्ये मागितल्या होत्या, आणि माझी 31 तारीख मला परत मिळाली ती त्या यादीत ऑगस्टपुढे 30 लिहिलेले मी त्यांना दाखवून दिल्यानंतरच.

आपला,
एक नियमित वाचक