शेवटच्या सिटिंगनंतर सोलणारी कातडी: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी रेडिओथेरपी विभागात काम करणारी परिचारिका आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या बायकांची कातडी रोज माझ्या नजरेखालून जाते. तिच्याबद्दलच हे पत्र आहे, कारण ती सर्वांत जास्त बिघडते तेव्हा बाई आमच्यापाशी नसते, गावी गेलेली असते.

हल्ली बऱ्याच ठिकाणी 40 ग्रे मात्रा 15 सिटिंगमध्ये, म्हणजे तीन आठवड्यांत देतात. जुन्या पाच आठवड्यांच्या पद्धतीपेक्षा यात कातडीला त्रास कमी होतो. पण जो होतो तो उशिरा दिसतो. आपल्या त्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात आणि साधारण चार आठवड्यांत वर येऊन झडतात. किरणांचा घाव बसतो तो या तळच्या, विभागणाऱ्या पेशींवर. वरचा थर मात्र आधीच तयार झालेला असतो, म्हणून पहिले दहा-बारा दिवस काहीच झालेले नाही असे वाटते. तो झडत जातो आणि खालून पुरेसा नवा थर येत नाही, तेव्हा आधी खाज, मग काळपटपणा, मग कोरडी साल निघणे आणि काहींना ओली, पाणी सुटणारी जखम असा क्रम लागतो. हा त्रास शेवटच्या सिटिंगनंतरच्या एक-दोन आठवड्यांत टोकाला जातो.

जखम बहुधा स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत होते. एरवी यंत्राचे किरण त्वचेला थोडे सोडून, एक-दीड सेंटिमीटर आत पूर्ण जोर धरतात. घडीत मात्र कातडीवर कातडी टेकलेली असते, त्यामुळे आतल्या कातडीची ही सवलत जाते. त्यात घाम आणि ब्लाउजच्या शिवणीचे घासणे. ज्यांचे स्तन जड आहेत त्यांना म्हणूनच जास्त सोसावे लागते.

एका बाईंचे सांगते. मराठवाड्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या. तिसऱ्या आठवड्यात ‘आग होतेय’ म्हणाल्या, पण कागदावर ‘त्वचा ठीक’ अशी नोंद झाली, कारण तक्त्यात लिहिले होते ‘लालसरपणा आहे का?’ सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. ती तांबूस-काळी पडते, ताणल्यासारखी चकाकते, हाताला गरम लागते. त्यासाठी स्तन हळूच उचलून घडीत पाहावे लागते आणि तेवढा आडोसा गर्दीच्या ओपीडीत नसतो. सिटिंग संपल्या, बाई एसटीने गावी गेल्या. आठवड्याभरात घडीतली साल निघून ओले झाले. कोणीतरी हळदीचा लेप सांगितला, तो सुकून चिकटला. नंतर गावात कापूस लावून वर चिकटपट्टी मारून दिली. ती काढताना शेजारची धड कातडीही निघाली. आमच्याकडे परत आल्या तेव्हा तळहाताएवढी जखम होती.

उपचार साधेच होते. मिठाच्या कोमट पाण्याने लेप भिजवून सोडवला, चिकटणार नाही अशी पॅराफिनची जाळी, वर शोषून घेणारी घडी, आणि चिकटपट्टी अजिबात नाही. ड्रेसिंग सैल सुती बनियनने जागेवर धरले. तीनेक आठवड्यांत नवी कातडी आली. यातले काहीही असे नाही, जे त्यांच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता आले नसते. तिथे कोणाला ते सांगितलेले नव्हते.

इथेच आपल्या खात्याचा संबंध येतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले रेडिओथेरपी विभाग वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत आणि आरोग्य केंद्रे आपल्याकडे. शेवटच्या सिटिंगला बाई एका खात्यातून बाहेर पडते, आणि दुसऱ्या खात्याला ती येतेय हे कळतच नाही.

माझी पहिली मागणी आहे ती एका कागदाची. शेवटच्या दिवशी प्रत्येकीच्या हातात, तिच्या आरोग्य केंद्राच्या नावाने, मराठीत चिठ्ठी असावी: रेडिएशन कधी संपले, कोणत्या भागाला दिले, जखम झाली तर काय लावायचे, काय लावायचे नाही. साधारण दहाव्या दिवशी आशाताईने तिच्या घरी जाऊन विचारावे. ताप, पू, दुर्गंधी, वाढती सूज किंवा पसरणारी ओली जखम असेल तर तिला त्याच दिवशी परत पाठवावे. पॅराफिनची जाळी आरोग्य केंद्राच्या औषध यादीत असावी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रेडिएशन पॅकेजमध्ये या पंधरवड्याचे ड्रेसिंग स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.

दुसरी मागणी अंघोळीची आहे. कित्येक बायका तीन आठवडे छातीला पाणी लावत नाहीत. कारण किरणांची जागा दाखवणाऱ्या शाईच्या खुणा पुसल्या तर डॉक्टर रागावतील ही भीती, आणि काही ठिकाणी आम्ही कर्मचारीच ‘धुऊ नका’ सांगतो. प्रत्यक्षात साधे पाणी आणि सौम्य साबण यांनी त्रास वाढत नाही, हे अभ्यासांतून कित्येक वर्षांपूर्वीच दिसले आहे. न धुतलेला घाम आणि मळच घडी कुजवतो. शाईऐवजी टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे तीन-चार ठिपके दिले की हा प्रश्नच उरत नाही. खर्च नगण्य आहे. ज्यांना कायमचा ठिपका नको असेल त्यांच्या खुणेवर पारदर्शक पट्टी लावता येते.

बाकीची काळजी मी बायकांना अशी सांगते. कोमट पाणी हाताने ओता, घासू नका, मऊ फडक्याने टिपून घ्या. घडी कोरडी ठेवा. घरी असाल तेव्हा ब्रा आणि घट्ट ब्लाउज काढून मऊ झालेला सुती सदरा घाला. वास नसलेले साधे मॉइश्चरायझर पातळ लावा. जाड थर मात्र यंत्रावर जाताना अंगावर नको, त्याने कातडीवरची मात्रा वाढते. काखेत वस्तरा फिरवू नका, गरम किंवा बर्फाचा शेक देऊ नका. कोरफडीने नुकसान नाही, पण चाचण्यांत ठोस फायदाही दिसला नाही.

ज्याचा फायदा खरोखर दिसला आहे ते मोमेटॅसोन किंवा बीटामेथॅसोनसारखे स्टेरॉइड मलम आमच्याकडे अनेकदा आग सुरू झाल्यावर लिहिले जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते पहिल्या दिवसापासून पातळ लावले तर त्रास सौम्य राहतो. पूर्ण टळतो असे नाही, आणि साल निघून उघड्या पडलेल्या जागेवर ते लावायचे नाही. ही मलमे स्वस्त आहेत. रुग्णालयाच्या खिडकीवर ती पहिल्या सिटिंगच्या दिवशी मिळाली पाहिजेत.

शेवटचे, तपासणीच्या तक्त्याबद्दल. ‘लालसरपणा’ या एका रकान्याच्या जागी काळपटपणा, चकाकी, गरमपणा, आग आणि ओलसरपणा असे रकाने करावेत आणि आठवड्यातून एकदा पडद्याआड घडी उघडून पाहणे परिचारिकेच्या नेमून दिलेल्या कामात धरावे. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांसोबत आपण याचे एकच परिपत्रक काढावे, ही विनंती. तक्त्याचा आणि चिठ्ठीचा मसुदा करून द्यायला माझ्यासारख्या अनेकजणी तयार आहेत.

आपली,
रेडिओथेरपी विभागातील एक परिचारिका